गुडघ्याची पट्टी मागे

गडहिंग्लज भागातून बदली होऊन मी कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेवर आलो, तेव्हा माणसाच्या हाडांबद्दल मला एकच गोष्ट खात्रीने सांगता येत होती. ती २०६ असतात. डी.एड.च्या वेळी पाठ केलेला तो आकडा होता आणि आकड्यापलीकडे काही विचारावं असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं. पुढे नोकरीभर मी चौथीच्या पोरांना हाडं आणि सांधे शिकवत राहिलो. 'सर, तुमच्यामुळे हाडं कळली' असं म्हणणारे विद्यार्थी अजून रंकाळ्यावर फिरताना भेटतात. त्यांना मी दर वेळी सांगतो की यात माझं फार थोडं आहे. खरं देणं लागतो ते तिघांचं. एक आमच्या शाळेतल्या बाई, दुसरे चप्पल लाईनमधले एक कारागीर आणि तिसरे आमच्या शाळेशेजारच्या तालमीतले वस्ताद. तिघांचीही नावं इथे लिहीत नाही, कारण आपलं नाव छापून आलेलं तिघांपैकी एकालाही आवडलं नसतं.

बाई माझ्याहून वयाने आणि नोकरीनेही बऱ्याच मोठ्या. तेव्हा कोल्हापुरात लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद विद्यालयाची चर्चा शिक्षकांत होत असे. ती शाळा १९८५ साली सुरू झालेली. आमच्या शाळेत तसं मोकळं वातावरण नव्हतं, तपासणीची भीती होती, पण बाईंच्या पिशवीत लीलाताईंचं एखादं पुस्तक असायचं आणि बाईंच्या वर्गात पोरं बाकावर कमी, जमिनीवर जास्त असायची. हाडांचा खेळ त्यांचाच. पुठ्ठ्याचा सांगाडा, त्याचे सुटे तुकडे मैदानाच्या एका टोकाला, मुलांच्या रांगा दुसऱ्या टोकाला, आणि एकेकाने धावत जाऊन हाड आणायचं, नाव घ्यायचं, जागेवर ठेवायचं. बॅटनच्या जागी हाड, एवढाच रिले शर्यतीतला फरक.

मी आलो तेव्हा हा खेळ होता, पण बाईंचं समाधान नव्हतं. शर्यत संपली की त्या पोरांना विचारत, 'तू कोणतं हाड आणलंस?' पोरगं फाडकन सांगे. मग त्या दुसऱ्याने आणलेलं हाड विचारत आणि तिथे गाडी अडायची. ज्याने मांडीचं हाड आणलं त्याला मांडीचं हाड येतं, बरगड्या येत नाहीत. हा दोष शर्यतीतच होता. रांगेत उभी असलेली पोरं ओरडत असतात, बघत नसतात.

त्यावर बाईंनी एक नियम काढला, आणि सगळा खेळ त्या एका नियमावर उभा राहिला. शेजारी जागेवर असल्याशिवाय हाड बसणार नाही. सुरुवातीला आखणीत फक्त पाठीचा कणा ठेवलेला. पहिल्या पोराने नडगी उचलून आणली तर ती परत, कारण नडगीचं शेजारी मांडीचं हाड, आणि ते अजून आलेलं नाही. आधी कंबरेचं हाड, मग मांडीचं, मग नडगी, मग पाऊल. परत पाठवणारा कुणी शिक्षक नव्हता, त्यांच्यातलाच एक मुलगा किंवा मुलगी होती. त्याला सगळे 'सांधेवाला' म्हणत. तो आखणीच्या डोक्याशी उभा राहायचा आणि प्रत्येक आलेल्या हाडाला तीन प्रश्न विचारायचा. नाव काय, शेजारी कोण, आणि हलतं कसं. तिसऱ्याचं उत्तर तोंडाने द्यायचं नाही, स्वतःच्या अंगावर करून दाखवायचं. आता रांगेतल्या पोराला बघणं भागच होतं. काय बसलंय हे ठाऊक नसेल, तर काय आणायचं हे कसं ठरवणार?

तुकडे २७ होते. कवटी, खालचा जबडा, कणा, छातीच्या हाडासकट बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचं हाड हे पाच एकेकटे. बाकी अकरा जोड्या. हाताच्या बाजूला गळ्याजवळचं कॉलरबोन, खांद्याचं पातं, दंडाचं हाड, कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं आणि पंजा. पायाच्या बाजूला मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, नडगी, तिच्या शेजारचं बारीक हाड आणि पाऊल. कणा आधीच बसलेला, म्हणून आणायचे २६, आणि नऊ मुलांची एक तुकडी केली की एकाच्या वाट्याला दोन आणि बाकीच्यांच्या वाट्याला तीन-तीन फेऱ्या येतात. पंजा आणि पाऊल मात्र अख्खेच ठेवले होते. दोन पंजे आणि दोन पावलं मिळून १०६ हाडं होतात, म्हणजे अंगातल्या निम्म्याहून जास्त, आणि ती सुटी केली असती तर शर्यत संध्याकाळपर्यंत चालली असती.

या नियमाने सगळ्यात आधी फजिती व्हायची ती खांद्याच्या पात्याची. पिंजरा बसला की कुणीतरी मोठ्या उत्साहात पातं घेऊन यायचं आणि बरगड्यांच्या मागे सरकवायचं. सांधेवाला विचारायचा, 'शेजारी कोण?' 'बरगडी.' 'सांधा दाखव.' आणि सांधा दाखवता यायचा नाही, कारण तो नसतोच. पातं बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने सरकतं, त्याची हाडाशी गाठ पडते ती कॉलरबोनशी आणि दंडाच्या हाडाशी. कॉलरबोनचं दुसरं टोक छातीच्या हाडाला टेकलेलं. म्हणजे आपला अख्खा हात धडाच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला आहे तो गळ्याखालच्या त्या एका छोट्या सांध्यापाशी. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते मोठ्या माणसाकडून नाही, चौथीतल्या एका सांधेवालीकडून. ती कमरेवर हात ठेवून पुढच्याला बजावत होती, 'आधी कॉलरबोन आण, मग पातं. ते काय हवेत लटकणार होय?'

हाडांची नावं बाई दोन्ही घेऊ देत. पोराने नडगी म्हटलं तर चालेल, टिबिया म्हटलं तर चालेल. पुढे सहावीत अस्थिसंस्थेचा धडा येतोच, तेव्हा पुस्तकी नावं होतीलच, अशी त्यांची समजूत. पण तिसऱ्या प्रश्नावर, 'हलतं कसं' यावर, त्या काहीही चालवून घेत नसत. आणि इथेच त्यांचा स्वतःचा सांगाडा त्यांना खोटं पाडत होता.

बाजारात पुठ्ठ्याचे किंवा कागदाचे सांगाडे मिळतात त्यांचे सांधे पितळी पिनांचे असतात. भोकातून पिन घालायची, मागे पाकळ्या उघडायच्या. बाईंनीही तसंच केलेलं. तुकडे एकमेकांवर ठेवले की हलतात, पोरं खूश होतात. पण बाई एकदा सांगाडा भिंतीला टांगून त्याच्याकडे बघत उभ्या होत्या आणि मला म्हणाल्या, 'सर, याला जरा मांडी घालून बसवा बघू.'

मी बसवायला गेलो आणि ते होईना. सांगाडा आपल्याकडे तोंड करून उभा आहे. गुडघ्यात पिन आहे. नडगी हलवली की ती डावीउजवीकडे झुलते. आपला गुडघा तसा हलत नाही, तो मागे दुमडतो. सपाट पुठ्ठ्यात पिन घातली की सांधा कुठलाही असो, तो फिरणार त्या पुठ्ठ्याच्याच पातळीत. समोरून काढलेल्या चित्रात याचा अर्थ असा की गुडघा आडवा मोडतो, कोपर आडवं मोडतं, आणि खुबा जो सगळीकडे फिरायला हवा तो फक्त पाय फाकवतो. पोरं हाडांची नावं बरोबर शिकत होती आणि त्याच वेळी त्यांचे हात चुकीचे सांधे शिकत होते. बाईंना झोप न येण्याचं कारण हे होतं. मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. त्या खरंच तसं म्हणत.

तेव्हा अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची खेळणी शिक्षकांत माहीत झाली होती. मी ते सुचवलं. ट्यूबच्या तुकड्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या जोडून पाहिल्या. त्रिकोण-चौकोनासाठी ती युक्ती उत्तम आहे, पण ट्यूब चहूकडे वाकते. गुडघा चहूकडे वाकून चालत नाही.

मग बाई मला चप्पल लाईनला घेऊन गेल्या. शिवाजी चौकाजवळची ही चपलांची पेठ कोल्हापूरला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. त्यांच्या ओळखीचे एक कारागीर तिथे एका दुकानासाठी काम करायचे. मांडीवर पाट, पाटावर कातडं, हातात रापी. बाईंनी सांगाड्याचा पाय त्यांच्यापुढे ठेवला आणि गुडघा हलवून दाखवला. म्हाताऱ्याने बघितलं, आणि आधी पिन उपटून काढली.

'मास्तर, असा आडवा हलतोय व्हय कुनाचा गुडगा?'

मी म्हटलं, 'नाही, मागे दुमडायला हवा. पण फक्त मागे. पुढे नको.'

'मग पट्टी मागनं लावा की.'

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कारण हाच माझ्यावरचा मोठा उपकार आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक त्यांनी रापीने सरळ कापलं, दोन्ही एकमेकांना भिडतील असं. एकावर एक नाही, टोकाला टोक. मग हाडाच्या रुंदीएवढीच रुंद, मऊ कातड्याची पट्टी घेऊन ती दोन्ही टोकांवर मागच्या बाजूने लावली आणि आरीने भोकं पाडून शिवली. नडगी मागे ढकलली, तर पुढच्या बाजूला टोकं उघडली आणि पाय मागे दुमडला. पुढे ढकलली, तर टोकाला टोक भिडलं आणि पाय सरळ राहून अडला. पट्टी रुंद असल्यामुळे तो डावीउजवीकडेही हलेना. एका चिंधीएवढ्या कातड्याने तिन्ही गोष्टी झाल्या.

'आनि कोपराला?' त्यांनीच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरी पट्टी पुढून लावायला घेतली. कोपर पुढे दुमडतं, म्हणून पट्टी पुढे. गुडघा मागे दुमडतो, म्हणून पट्टी मागे. पुढे वर्गात हे वाक्य पोरं शर्यतीला जाताना घोषणेसारखं म्हणायची.

आपल्या अंगात अर्थातच कातड्याची अशी एकच पट्टी नसते. कोपर सरळ झाल्यावर अडतं याचं एक मोठं कारण असं की हाताच्या मागच्या हाडाचं, अल्नाचं, टोक दंडाच्या हाडातल्या खोबणीत जाऊन बसतं. कोपर टेबलावर टेकलं की जे टोचतं तेच ते टोक. गुडघ्याच्या बाबतीत अडवण्याचं काम अस्थिबंध ताणून करतात. आणि गुडघा ही शंभर टक्के बिजागरी नाही, दुमडलेल्या अवस्थेत तो थोडासा फिरतोही. खुर्चीवर बसून, मांडी हाताने दाबून धरून, पाऊल आतबाहेर फिरवून पाहिलं तर हे कळतं. पाय सरळ केला की तेच फिरणं थांबतं. बाईंनी हे पोरांपासून लपवलं नाही. 'आपला सांगाडा एवढं करू शकत नाही' असं त्या स्पष्ट सांगत, आणि माझ्या मते चांगल्या साधनाचं ते लक्षण आहे की ते कुठे थांबतं हे शिक्षकाला ठाऊक असतं.

शर्यतीत शिवलेल्या पट्ट्या उपयोगाच्या नव्हत्या, तुकडे सुटे हवेत. म्हणून पट्टी एका हाडाला कायमची शिवली आणि दुसऱ्या हाडाला टिचबटणांनी लावायची सोय केली. इथे कारागिरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. बटणं दोन लावा, शेजारी शेजारी. एकच लावलं तर त्या बटणाभोवती हाड फिरतं आणि पिनेचा दोष परत येतो. शर्यतीच्या घाईत पोरं एकच बटण दाबून पळत. सांधेवाला नडगी हलवून बघे, आडवी हलली की ओरडे, 'दुसरं बटण!'

खुब्याला आणि खांद्याला उखळीचा सांधा हवा. खुब्यासाठी करवंटी घेतली. अर्ध्या नारळाच्या करवंटीत बरोबर बसेल असा रबरी चेंडू, चेंडूतून दोरी, ती करवंटीच्या डोळ्यातून मागे काढून गाठ मारलेली. चेंडू मांडीच्या हाडाच्या टोकाला, करवंटी कंबरेच्या हाडात. खांद्यासाठी मात्र कारागिरांनी करवंटी घेऊ दिली नाही. पॉलिशच्या डबीचं झाकण पुढे केलं. 'खांद्याची वाटी उथळ असते' हे त्यांना कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. तालमीच्या शहरात राहणाऱ्या माणसाला ते बहुधा माहीत असतं.

उथळ झाकणावर चेंडू भरपूर फिरतो आणि जरा जास्त ओढला की घसरून बाहेर येतो. खोल करवंटीत तो कमी फिरतो, पण सहसा बाहेर येत नाही. पोरांनी दोन्ही ओढून पाहिले आणि एवढं त्यांना न सांगता कळलं. ते पक्कं केलं आमच्या वस्तादांनी. बाईंनी त्यांना वर्गात बोलावलं होतं. त्यांनी उघड्या दंडाने हात गोल फिरवून दाखवला, मग पाय तेवढाच फिरवायचा प्रयत्न करून दाखवला आणि हसून सोडून दिला. म्हणाले, 'हौद्यात खांदा निखळल्याला कैकदा बघितलाय. खुबा निखळल्याला लई कमी. खोल बसल्यालं हाड सहजी उठत न्हाई.' मग एका पोराने विचारलं, तुम्ही हाड बसवता का? वस्ताद गंभीर झाले. 'मोठ्या गड्याचं सोडा. बारक्या पोराच्या कोपराला मी हात लावत न्हाई. पडलं, सुजलं, की सरळ सीपीआरला न्यायचं आनि फोटो काढायचा. तेल चोळायचं न्हाई, ओढायचं न्हाई.' तालमीतला माणूस हे म्हणाला याचं मला फार मोल वाटतं. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची चकती असते, तिथे इजा झाली आणि वर चोळाचोळ झाली, तर हाड पुढे वाकडं वाढू शकतं.

वाढीची चकती निघाली म्हणून २०६ चा आकडाही सांगून टाकतो. तो मोठ्या माणसाचा आहे. जन्मलेल्या बाळात हाडांचे सुटे भाग त्याहून कितीतरी जास्त असतात आणि ते वाढीबरोबर जुळत जातात. कण्याच्या तळाशी पाच मणके जुळून एक हाड होतं, त्याखालचं माकडहाडही असंच जुळलेलं. नऊ वर्षांच्या पोरात हे जुळणं पुरं झालेलं नसतं. तेव्हा वर्गात एखाद्याने 'सर, माझी हाडं किती?' असं विचारलं, तर 'तुझ्या वडलांपेक्षा जास्त' हे उत्तर बरोबर आहे. पोरांना ते ऐकून केवढा आनंद होतो!

करवंटी बसवल्यावर बाईंनी पुन्हा मांडीची परीक्षा घेतली. या वेळी सांगाडा जमिनीवर बसवला. पहिली पायरी, खुब्यात मांडी पुढे उचलली. दुसरी, करवंटीतला चेंडू फिरवून अख्खी मांडी बाहेरच्या बाजूला वळवली. तिसरी, गुडघा मागे दुमडला, आणि पाऊल आपसूक दुसऱ्या मांडीखाली आलं. पोरांनीही तेच केलं, एकेक पायरी थांबत. बहुतेकांना वाटत होतं की मांडी घालताना गुडघा वळतो. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून हळूहळू मांडी घाला म्हटल्यावर कळलं की गुडघा मुख्यतः दुमडतोय, वळणं जवळजवळ सगळं खुब्यात चाललंय. रोज जेवायला बसताना केलेली गोष्ट कोणत्या सांध्याने केली, हे त्या वर्गाला त्या दिवशी कळलं. मलाही.

आता एका शर्यतीची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

मैदानावरची आखणी पोरंच करत. एकाने जमिनीवर उताणं झोपायचं आणि दुसऱ्याने त्याच्याभोवती खडू फिरवायचा. नऊ वर्षांचं मूल साधारण १३० सेंटिमीटर उंचीचं असतं, मांडीचं हाड ३५ सेंटिमीटरच्या आसपास येतं, त्यामुळे पुठ्ठ्याची हाडं त्याच मापाने कापलेली. बाईंची सक्त सूचना असे की झोपणाऱ्याने तळवे आभाळाकडे ठेवायचे, म्हणजे अंगठे बाहेरच्या बाजूला येतात. त्या दिवशी एका तुकडीच्या आखणीत झोपलेल्या पोराने खडू फिरेपर्यंत उजवा हात पालथा केला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आखणीत त्या हाताचा अंगठा आत, मांडीकडे उमटला.

शर्यत रंगात आली. दंडाचं हाड बसलं, अल्ना बसली. मग एक किडकिडीत मुलगी रेडिअस घेऊन धावत आली. ही दोन हाडं ओळखायची खूण अशी की अल्ना कोपराशी जाड आणि मनगटाशी बारीक, रेडिअस नेमकी उलटी, आणि मनगटाशी ती नेहमी अंगठ्याच्या बाजूला असते. मुलीने आखणीकडे पाहिलं, क्षणभर थांबली, आणि रेडिअसचं वरचं टोक कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठेवून खालचं टोक अल्नावरून तिरकं आत, अंगठ्याकडे नेलं. दोन हाडांची फुली झाली. सांधेवाल्याने हाड उचलून तिच्या हातात दिलं. 'परत. दोन्ही सरळ असतात.'

ती जाईना. तिच्या तुकडीची पोरं ओरडत होती, पळ, पळ. तिने कोपर कमरेला घट्ट दाबलं, तळहात वर केला. 'आता सरळ आहेत.' मग तळहात खाली केला. 'आता बघ. अंगठा आत आला. कोपर हललं नाही. मग हाड कुठनं गेलं?'

सांधेवाल्याने स्वतःचा हात तसाच केला, दुसऱ्या हाताने चाचपला. बाकीच्या तुकड्या पुढे निघून गेल्या होत्या. बाई तिथे आल्या, पण बोलल्या नाहीत. सांधेवाला थोड्या वेळाने म्हणाला, 'वरून गेलं,' आणि हाड तिच्या हातातून घेऊन त्याने स्वतः फुली करून ठेवलं.

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तांब्यातलं पाणी ओतताना, किल्ली फिरवताना आपलं मनगट फिरतं असं आपण समजतो, पण फिरते ती रेडिअस. अल्ना जागेवर राहते आणि रेडिअस तिच्यावरून पलटते. हात उताणा असताना दोन्ही समांतर असतात, म्हणून शरीराच्या चित्रात तळवे समोर दाखवायची पद्धत आहे. बाई तळवे आभाळाकडे ठेवायला लावत त्याचंही कारण हेच. मर्दानी खेळात दांडपट्टा चालवणाऱ्याचं मनगट मुठीवरच्या लोखंडी आवरणात अडकलेलं असतं, मनगट वाकवायची सोयच नसते. तरीही पट्टा गरगर फिरतो तो खांद्याच्या आणि कोपराच्या आणि या पलटण्याच्या जोरावर. बाईंनी ते उदाहरण त्याच मैदानावर दिलं, कारण वर्गातली दोन पोरं मर्दानी खेळाच्या आखाड्यात जात होती आणि त्यांनी लगेच रिकाम्या हाताने पट्टा फिरवून दाखवला.

ती तुकडी शर्यत हरली. बाईंनी जिंकणाऱ्यांच्या टाळ्या कापल्या नाहीत, ही त्यांची रीत मला आजही पटते. मात्र दुसऱ्या दिवसापासून रेडिअस आणि अल्ना वरखाली चामड्याच्या वादीने सैल बांधलेल्या आल्या, म्हणजे फुली करता येईल. वादी कारागिरांकडूनच आणलेली. पैसे देऊ केले तेव्हा ते म्हणाले, 'शाळंचं हाय न्हवं? जाऊ द्या.' ते पैसे देणं राहूनच गेलं. कारागीर आता नाहीत, बाईही नाहीत. वस्तादांची तालीम चालू आहे.

हा खेळ करून पाहायचा असेल तर थोडं सांगतो. फ्रिजच्या खोक्याचा पाच पदरी पन्हळी पुठ्ठा घ्या, राजारामपुरीतल्या दुकानांत मागितला तर मिळतो. पन्हळी हाडाच्या लांबीने जातील असा कापा. आडव्या गेल्या तर हाड मधेच वाकतं आणि पोरं म्हणतात, बाई, फ्रॅक्चर. दोन थर चिकटवा, वजनाखाली वाळवा, नाहीतर वाळताना वाकतात. तैलरंगाचा हात द्या, तरी कोल्हापूरच्या पावसात पुठ्ठा मऊ पडतोच, म्हणून शर्यत दिवाळीनंतर ठेवा. शाळेत बाजारचा पिनांचा सांगाडा आधीच असेल तर तो फेकू नका. गुडघ्यांच्या आणि कोपरांच्या पिना काढा, टोकाला टोक भिडवा, चामडं नसेल तर जाड कापडाची पट्टी घ्या. गुडघ्याला मागून, कोपराला पुढून, आणि प्रत्येक पट्टीला बटणं दोन. मग त्याला मांडी घालून बसवायला चौथीच्या पोरांना सांगा आणि ती काय म्हणतात ते मला कळवा.